जो कंपनी सोडत नाही, त्याचा एक्झिट फॉर्म

जपानी कंपनीने भारतातल्या जॉइंट व्हेंचरमध्ये पाठवलेला माणूस परत जातो, तेव्हा तो राजीनामा देत नसतो. त्याची मूळ नोकरी तिकडेच शाबूत असते, इथे तो काही वर्षांसाठी पाठवलेला असतो. एक दिवस मूळ कंपनीकडून बदलीचा हुकूम येतो. त्याला ते 'जिरेई' म्हणतात. पण इथल्या एचआरकडे फॉर्म एकच. सहा महिन्यांत पळालेल्या ट्रेनीला जो, तोच चार वर्षं कारखान्याचं क्वालिटी कंट्रोल बघितलेल्या माणसालाही.

मी जपानी-इंग्रजी भाषांतरं करते. २०२५च्या मार्चमध्ये अंधेरीच्या एका जॉइंट व्हेंचरचं काम आलं. एक्झिट इंटरव्ह्यूचा फॉर्म आणि नो-ड्यूजचा संच जपानीत करायचा, मग परत जाणाऱ्या तानाका-सानांनी (नाव बदललंय) जपानीत लिहिलेली उत्तरं इंग्रजीत करून प्रमाणपत्रासह द्यायची. प्रमाणपत्रावर मी सही करते ती 'मुळाशी प्रामाणिक' एवढ्यावरच. त्या एका वाक्यासाठी जे करावं लागतं ते बाहेर कोणाला दिसत नाही. रकान्यांचे क्रमांक हलवायचे नाहीत, रिकामा रकाना रिकामाच ठेवायचा, हाताने लिहिलेलं असेल तर 'हस्तलिखित' असं नोंदवायचं, गोल शिक्का असेल तर तो कुठे आहे आणि त्यात कोणतं नाव आहे तेही. जिरेईवर तारीख होती रेइवा ७, एप्रिल १. रेइवा हा जपानचा सध्याचा शक, त्याच्या आकड्यात २०१८ मिळवले की २०२५ येतं. हुकूम १ एप्रिलपासून लागू, म्हणजे इथला शेवटचा कामाचा दिवस ३१ मार्च. जपानी कंपन्यांचं वर्षही बहुतेक एप्रिलपासूनच सुरू होतं, त्यामुळे बदल्यांचा हंगाम हाच.

इंटरव्ह्यूच्या फॉर्ममध्ये नोकरी सोडण्याचं कारण विचारलं होतं: जास्त पगार, उच्च शिक्षण, लग्न, वरिष्ठांशी मतभेद, इतर. तानाका-सानांनी 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, 'हुकुमानुसार'. 'पुन्हा संधी मिळाली तर इथे याल का?' याच्या पुढे, 'कंपनीने पाठवलं तर'. एचआरच्या सावंत मॅडमना हे उद्धट वाटलं. "अहो, थोडं छान करून लिहा ना," म्हणाल्या. मी नाही म्हटलं. खरं तर ते उद्धट नव्हतंच, प्रश्नच त्यांना लागू नव्हता. दोन्ही पार्टनरांकडे हा कागद जातो, तिथे माझी साखर कशाला?

पीएफचा रकाना क्लीअरन्समध्ये अडला. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. जपानी पेन्शनमध्ये वर्गणी चालू असल्याचं तिकडचं प्रमाणपत्र असेल तर पाठवलेल्या माणसाचा इथे पीएफ कापायचा नसतो. तानाका-सानांकडे ते पहिल्या दिवसापासून होतं. तरी पीएफ बघणारे शिंदेकाका म्हणाले, "विथड्रॉवल फॉर्मचा नंबर टाका, नाहीतर पुढची सही मिळणार नाही." प्रमाणपत्राची प्रत जोडून तिथे 'लागू नाही' लिहायला त्यांना पटवण्यात अर्धी दुपार गेली. काका वाईट नाहीत. त्यांना असा रकाना कधी भेटलाच नव्हता, आणि फॉर्म बनवणाऱ्यालाही नाही.

पण ज्यावर मी अजून विचार करते, ती गोष्ट शेवटच्या पानावर होती. मजकूर साधारण असा: मला मिळायचं ते सर्व मिळालं आहे, कंपनी, तिचे भागधारक, संलग्न कंपन्या आणि अधिकारी यांच्याकडून माझं काहीही येणं नाही, आणि पुढे मी कोणताही दावा करणार नाही. कुठल्याही फुल अँड फायनलच्या कागदावर असतो तसाच.

कराराच्या कामात मी आधी पक्षांची यादी काढते, म्हणजे जपानीत कोण कोणाला काय देतंय ते घसरत नाही. या कंपनीचे भागधारक दोन: एक इथला उद्योगसमूह आणि दुसरी तानाका-सानांची मूळ कंपनी. म्हणजे या कागदावर सही केली की त्यांनी आपल्याच मालकाला लिहून दिलं, तुमच्याकडून माझं काही येणं नाही. आणि येणं तर बरंच होतं. निवृत्तीच्या वेळची एकरकमी रक्कम त्यांच्या कंपनीत नोकरीच्या सगळ्या वर्षांवर मोजतात, भारतातली वर्षं धरून. परतीचा सामान-खर्च अजून मिळायचा होता. असा इथला कागद तिकडे कितपत चालेल हे वकील सांगतील, पण मागायचाच कशाला?

त्यातून कराचा हिशेब राहिला होता. अशा लोकांचा भारतातला आयकर कंपनी भरते, कर्मचाऱ्याच्या माथी जपानात पडला असता तेवढाच पडतो. ३१ मार्चला गेलेल्या माणसाचं त्या वर्षाचं रिटर्न त्यानंतरच भरलं जातं. नेहमीची मुदत ३१ जुलै, त्या वर्षी ती सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वाढली. टीडीएस जास्त कापला गेला असेल तर परतावा त्याच्या नावावर, त्याच्या पॅनशी जोडलेल्या भारतीय खात्यात येतो, आणि मग तो कंपनीला परत द्यायचा असतो. आणि याच क्लीअरन्समध्ये एक ओळ होती: बँक खातं बंद केल्याचा पुरावा जोडा! खातं बंद केलं की परतावा यायला जागाच नाही. परदेशी कर्मचारी जाताना ते खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घेऊ शकतो, अशा राहिलेल्या रकमा त्यात जमा होतात. पण फॉर्ममध्ये पर्याय नव्हता, फक्त 'बंद'. म्हणजे सहीच्या दिवशी दोन्ही बाजूंची देणी बाकी होती, आणि दोघांनी लिहून द्यायचं की काही बाकी नाही.

भाषांतरात यातलं काहीही घालायचा मला हक्क नाही. मी मजकूर आहे तसा जपानीत केला आणि वेगळ्या पानावर भाषांतरकाराची टीप लावली: 'भागधारक' यात कर्मचाऱ्याची मूळ कंपनी येते, हे अभिप्रेत आहे का ते तपासावे, खातं बंद करण्याची अट आणि प्रलंबित कर-परतावा यांचा मेळ पाहावा. सावंत मॅडमचा फोन आला. "मॅडम, तुम्ही फक्त भाषांतर करा ना. गेली कित्येक वर्षं सगळे हाच फॉर्म सही करतात." हे खरं असणार, आणि मला त्याचीच भीती वाटली. टीप काढायला मी नकार दिला. प्रत तानाका-सानांनाही जायची होती, तशी गेली.

त्यांनी पान वाचलं, पुन्हा वाचलं आणि मला विचारलं, "बाकीच्यांनी सही केली ना?" मी म्हटलं, बहुधा हो. त्यांचा हात खिशातल्या हांकोकडे, सहीऐवजी मारायच्या नावाच्या शिक्क्याकडे गेला. कंपनीने पुढे केलेल्या कागदाला नाही म्हणायची सवय त्या पिढीला नाही. मी त्यांना सही करू नका असं सांगू शकत नव्हते, ते माझं काम नाही. एवढंच म्हटलं, "टोकियोच्या एचआरला आधी दाखवा."

दोन दिवसांनी तिकडून उत्तर आलं. 'भागधारक, संलग्न कंपन्या' हे शब्द पेनाने खोडले, बाजूला दोन्हीकडच्या सह्या, आणि खाली एक ओळ हाताने वाढवली: आयकराच्या अंतिम हिशेबातली येणी-देणी वगळून. खात्याच्या रकान्यात 'एनआरओमध्ये बदलले' लिहून बँकेचं पत्र जोडलं. इंग्रजी प्रतीत मी 'हस्तलिखित दुरुस्ती, दोन आद्याक्षरे' अशी नोंद केली. शिंदेकाकांनी या वेळी काही विचारलं नाही.

ऑक्टोबरमध्ये त्याच कंपनीतून दुसऱ्या जपानी माणसाची फाइल आली. शेवटचं पान जसंच्या तसं, भागधारकांसकट. मी टीपही जशीच्या तशी लावली, फक्त तारीख बदलली.