एक जूनच्या आत

मी न्यू जर्सीत, एडिसनला इमिग्रेशनची वकिली करते. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक भारतीय असतात आणि त्यांत मराठी कुटुंबं बरीच. हा प्रसंग त्यांच्यापैकीच एका कुटुंबाचा, त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं देत नाही.

२५ मे २०२३, गुरुवार. सकाळी साडेनऊच्या सुमारास तिघं आली. मुलगा इथला नागरिक, त्याची आई आणि नाशिकहून आलेली त्याची वाग्दत्त वधू. त्यांना मुदतवाढीचा अर्ज करायचा होता. काकूंनी पिशवीतून पासपोर्ट काढून माझ्यासमोर व्हिसाचं पान उघडलं आणि म्हणाल्या, "हा जुलैपर्यंत आहे. तो पुढे नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत वाढवून द्या, एवढंच काम आहे."

लग्न वीस मेला ठरलेलं होतं. एप्रिलमध्ये गुरूचा अस्त असल्यामुळे मेमधला मुहूर्त धरला होता, हॉल घेतला होता. नऊ मेला पुण्यात मुलाचे आजोबा गेले. तेरा दिवस झाले, पण घरात वर्षभर मंगलकार्य नको असं पुण्याच्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं पडलं. फारच घाई असेल तर निदान तुळशीच्या लग्नानंतर करा, तोवर चातुर्मासही सरेल, अशी तडजोड निघाली होती. त्या वर्षी अधिक श्रावण आल्याने चातुर्मास लांबला होता आणि तुळशीचं लग्न चोवीस नोव्हेंबरला लागत होतं. एकूण बेत डिसेंबरचा.

मी मुलीला म्हटलं, तुझं आय-९४, म्हणजे देशात प्रवेश केल्याची नोंद, दाखव. तिने ते कधी पाहिलंच नव्हतं. पूर्वी विमानतळावर कागद टोचून देत, आता तो स्वतः उतरवून घ्यावा लागतो. मी i94.cbp.dhs.gov उघडून तिचा पासपोर्ट क्रमांक घातला. प्रवेश ४ मार्च, के-१ म्हणजे वाग्दत्त वधूच्या वर्गात. राहण्याची मुदत १ जून.

तो दिवस यायला एकच आठवडा उरला होता.

हा गोंधळ माझ्यासमोर वारंवार येतो. पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसावरची तारीख फक्त एवढंच सांगते की त्या दिवसापर्यंत अमेरिकेच्या दारात येऊन उभं राहता येईल. तेही के-१ वर एकदाच. आत आल्यावर किती दिवस राहायचं ते आय-९४ ठरवतं, आणि के-१ वर ते नव्वद दिवसच असतात. त्या नव्वद दिवसांत, ज्या नागरिकाने अर्ज करून बोलावलं त्याच्याशीच लग्न व्हायला हवं. हॉल मिळाला नाही, आजारपण आलं, घरात कुणी गेलं, कारण कितीही खरं असलं तरी मुदत वाढत नाही, कारण वाढवण्यासाठी अर्जच अस्तित्वात नाही. आपल्याकडे आईवडील पर्यटक व्हिसावर येतात आणि सहा महिन्यांचे आणखी सहा महिने मागून घेतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यामुळे सगळेच व्हिसा तसे वाढतात असं लोक धरून चालतात. के-१ वाढतही नाही आणि विद्यार्थी किंवा पर्यटक अशा दुसऱ्या वर्गात बदलूनही मिळत नाही.

मुलाचा चेहरा उतरला. काकू मात्र शांत होत्या. "मग डिसेंबरात लग्न केलं तर काय होईल? हाकलून देतील का?"

प्रश्न सरळ होता आणि त्याला सरळ उत्तर देणं भाग होतं. कारण अर्धवट माहितीवर लोक एकतर घाबरून चुकीचं विमान पकडतात, नाहीतर 'काही होत नाही' म्हणून बसून राहतात. मी सांगितलं की दोन जूनपासून तिचं इथलं राहणं बेकायदा ठरेल. सरकारला तिला परत पाठवण्याची कारवाई सुरू करता येईल. दुसऱ्याच दिवशी कुणी दारात येतं असं नव्हे, पण तो अधिकार त्यांच्याकडे असतो. डिसेंबरात याच मुलाशी लग्न झालं तर ग्रीन कार्डाची वाट पूर्ण बंद होत नाही. नव्वद दिवसांत लग्न झालं तर आय-४८५ हा एकच मुख्य अर्ज करून ग्रीन कार्ड मागता येतं. मुदत उलटल्यावर त्याआधी किंवा त्याच्याच बरोबर आय-१३० हा पत्नीसाठीचा अर्ज भरून, नागरिकाची पत्नी म्हणून पहिल्यापासून प्रकरण उभं करावं लागतं. वेगळी फी, वेगळी छाननी. नागरिकाच्या पत्नीला मुदत उलटून राहिल्याबद्दल माफी मिळते, पण ती रीतसर तपासणी होऊन देशात आलेली असायला हवी. ती आली होती.

खरा धोका वेगळाच होता. मी कॅलेंडर पुढे ओढून दिवस मोजून दाखवले. दोन जूनपासून मोजलं तर अठ्ठावीस नोव्हेंबरला १८० दिवस भरतात. त्याहून जास्त बेकायदा राहून देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही, आणि एक वर्ष किंवा अधिक झालं तर दहा वर्षं. म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर पाच दिवसांतच ती त्या रेषेपलीकडे जाणार होती. मग नाशिकला तिच्या वडिलांना काही झालं आणि ती विमानात बसली, तर तीन वर्षं नवऱ्यापासून दूर. असं प्रकरण मी हाताळलेलं आहे. त्यातली मुलगी इथेच थांबली, कारण जाणं परवडत नव्हतं, आणि वडिलांचं शेवटचं दर्शन तिने फोनवर घेतलं. ते मी काकूंना सांगितलं. त्या खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी पाणी मागितलं.

"मग आत्ताच परत पाठवू का हिला? एक जूनच्या आत?" मुलाने विचारलं.

तसं केलं असतं तर तिच्या नोंदीला डाग लागला नसता. पण के-१ तिथेच संपला असता. मग भारतात लग्न करून पत्नीच्या व्हिसासाठी नव्याने अर्ज, किंवा पुन्हा पहिल्यापासून वाग्दत्त वधूचा अर्ज आणि पुन्हा मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. दोन्ही वाटांना तेव्हा वर्षाहून अधिक वेळ लागत होता.

इतका वेळ मुलगी एक शब्द बोलली नव्हती. अशा वेळी मी एक गोष्ट नेहमी करते: मुलीशी एकटीशी बोलते. के-१ वर आलेल्या बाईचं इथलं सगळं एका माणसावर टांगलेलं असतं. ती दुसऱ्या कुणाशी लग्न करून इथे कायम होऊ शकत नाही. लग्न मोडलं तर मुदतीच्या आत परतणं एवढंच तिच्या हाती उरतं. म्हणून लग्न पुढे जातंय ते खरंच सुतकामुळे की कुणाच्या तरी मनात किंतु आहे म्हणून, हे मला तिच्या तोंडून ऐकायचं असतं. घाईघाईने उरकलेलं लग्न हा प्रत्येक वेळी योग्य सल्ला नसतो, आणि ज्या मुलीला परत जायचं आहे तिला तिकीट काढायला वेळ मिळालाच पाहिजे.

काकू आणि मुलगा बाहेर जाऊन बसले. तिने आधी डोळे पुसले. म्हणाली, "लग्न करायचंच आहे, मॅडम. पण आत्ता कागदावर सही केली आणि नंतर विधी कुणी केलेच नाहीत तर? आईला वाटतं, माझी फसगत होईल. सप्तपदीशिवाय मी त्यांच्या घरात सून म्हणून कशी राहू?"

मी तिला म्हटलं, नगरपालिकेत होणारं लग्न म्हणजे पूर्ण लग्न असतं, त्याच दिवशी तू कायद्याने त्याची बायको होतेस आणि बायकोचे सगळे हक्क तुला मिळतात. उलट परवाना न काढता नुसती सप्तपदी झाली तर न्यू जर्सीत ती कायद्याने लग्नच ठरत नाही. विधी कधी करायचे, तोवर कुठे राहायचं, हे तुम्ही दोघांनी ठरवा. पण ते आत्ता, माझ्यासमोर, त्याच्याशी बोलून ठरव. ती बाहेर गेली आणि त्याच्याशी बोलली. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. वीसेक मिनिटांनी दोघं आत आली. त्याने नाशिकला फोन लावून होणाऱ्या सासूला स्वतः शब्द दिला. काकूंचंही मन वळलं, कारण यात होम नव्हता, अक्षता नव्हत्या, मंगलकार्य म्हणावं असं काही नव्हतं.

आता खरी अडचण सुरू झाली. न्यू जर्सीत लग्नाच्या परवान्यासाठी अर्ज दिला की ७२ तास थांबावं लागतं. अर्ज दोघांपैकी कुणीतरी राहतं त्या गावच्या रजिस्ट्रारकडे, दोघांनी जातीने, सोबत अठरा वर्षांवरचा एक साक्षीदार घेऊन द्यायचा. फी २८ डॉलर. गुरुवारी दुपारी अर्ज दिला तर ७२ तास रविवारी भरतात, तेव्हा कचेरी बंद. सोमवारी मेमोरियल डेची सुट्टी. म्हणजे परवाना हातात मंगळवारी, तीस मेला. त्यानंतर दोनच दिवस. आणि गुरुवारची वेळ चुकून अर्ज शुक्रवारी दुपारी गेला असता, वर एखादा कागद कमी निघाला असता, तर पुढचा अर्ज थेट मंगळवारी. त्याचा परवाना शुक्रवारी, दोन जूनला. मुदत संपल्यावर. राज्याच्या सुपीरियर कोर्टाकडून ७२ तासांची सूट मागता येते, पण ती मिळेलच या भरवशावर मी कुणाला ठेवणार नव्हते.

माझ्या सहायिकेने रजिस्ट्रारला फोन लावून दुपारी अडीचची वेळ मिळवली. मुलाच्या पत्त्याचा पुरावा त्याच्या वाहन परवान्यावर होता, पण तो जुन्या गावाचा निघाला. घर बदलून वर्ष झालं होतं. त्याने फोनवरून बँकेत लॉग इन करून नव्या पत्त्याची पत्रकं काढली, आमच्याच प्रिंटरवर छापली. साक्षीदार म्हणून काकू गेल्या. सव्वातीनला मुलाचा निरोप आला की अर्ज घेतला.

मंगळवारी परवाना मिळाला आणि बुधवारी, एकतीस मेला, गावच्या महापौरांनी त्यांच्या कचेरीत लग्न लावलं. मी गेले होते. मुलगी साध्या सुती साडीत होती, कारण घरात शोक होता.

नोंदणीचा दाखला हाती येताच आम्ही जूनच्या मध्यावर आय-४८५ दाखल केला. मुदतीत लग्न झालं की या अर्जाला वेगळी शेवटची तारीख नसते, पण आय-९४ संपल्यावर अर्ज पोचेपर्यंतचा प्रत्येक दिवस उघडा असतो, म्हणून मी तो लांबवू देत नाही. सोबत कामाच्या परवानगीचा आणि प्रवास परवानगीचा अर्जही जोडला. ही प्रवास परवानगी हातात नसताना देश सोडला तर आय-४८५ सोडून दिला असं धरलं जातं, हे मी तिच्या नाशिकच्या घरच्यांनाही फोनवर सांगितलं, कारण ते दिवाळीला तिची वाट बघत होते.

ती दिवाळीला गेली नाही. प्रवास परवानगी पुढच्या वर्षी आली. आजोबांचं वर्षश्राद्ध मे महिन्यात झालं, पण तेव्हा शुक्राचा अस्त होता. शेवटी २०२४ च्या जुलैत, आषाढी एकादशीच्या काही दिवस आधी नाशिकला सप्तपदी झाली. परतल्यावर तिने मला फोन केला. ग्रीन कार्डाची मुलाखत ठरली होती आणि लग्नाची तारीख कोणती सांगायची म्हणून ती गोंधळली होती. मी म्हटलं, ३१ मे २०२३. जुलैचे फोटो अवश्य घेऊन जा, आणि विचारलं तर विधी उशिरा का झाले ते जसं घडलं तसं सांग.