मध्याचा मणी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे असे शाळेचे पत्र आले, तेव्हा डोळ्यांसमोर ना मैदान आले ना निकालाचा फळा. आली ती हस्तकलेची खोली आणि सभागृहाच्या दारासाठी आम्ही सात जणींनी केलेले मण्यांचे तोरण. हस्तकलेच्या बाई आज आपल्यात नाहीत, म्हणून त्यांनी शिकवलेले जसे आठवते तसे लिहिते.

तोरण सात पानांचे होते, प्रत्येकीकडे एक पान. काचेचे मणी ओवून पहिली आडवी ओळ करायची. मग नवा मणी सुईत घेऊन सुई वरच्या मण्यातून उलट दिशेने काढायची आणि पुन्हा नव्या मण्यातून न्यायची. अशाने मणी मण्याखाली नेमका बसतो आणि आलेखातला एक चौकोन म्हणजे एक मणी हा हिशेब कुठेही चुकत नाही. माझ्या पानावर कमळ होते. मी ते गणिताच्या आलेख कागदावर 31 चौकोन रुंद आणि 31 चौकोन उंच असे काढले, मध्यावर मणी यावा म्हणून बाईंच्या सांगण्यावरून विषम संख्या घेतली आणि मोठ्या उत्साहाने विणायला बसले. सोळा ओळी झाल्या तेव्हा पाकळ्या विचित्र लांबलेल्या दिसू लागल्या. चौकोन पुन्हा पुन्हा मोजले, एकही चुकलेला नव्हता, आणि मला रडू आले.

बाईंनी पट्टी मागवली. ओळीतले वीस मणी मोजले, ते 4 सेंटिमीटर भरले. उरलेल्या मण्यांच्या वीस ओळी एकाखाली एक लावून मोजल्या, त्या 6 भरल्या. मणी गोल दिसला तरी तो चकतीसारखा असतो, भोकाच्या दिशेने बुटका आणि भोकाला काटकोनात जाड, त्यामुळे चौरस कागदावरचे गोल कमळ विणताना उभे ताणले जाते. “तुझे कमळ चुकले नाही, कागद चुकला,” असे त्या म्हणाल्या. त्यांचे वडील सोलापूरच्या एका गिरणीत चादरींची नक्षी आलेखावर उतरवत असत. ताण्याचे आणि बाण्याचे धागे इंचाला सारखे नसले की तिथेही कागदाचे चौकोन त्याच प्रमाणात आडवे किंवा उभे आखलेले घ्यावे लागत, हे बाईंना लहानपणापासून ठाऊक होते. त्यांनी कोऱ्या कागदावर 4 मिलिमीटर रुंद आणि 6 मिलिमीटर उंच असे चौकोन स्वतः आखले. त्यावर कमळ 31 मणी रुंद ठेवले, तेव्हा उंचीला 21 ओळीच पुरल्या. सोळा ओळी उसवताना त्या शेजारी बसून रंगाप्रमाणे मणी वाट्यांत टाकत होत्या. पुढे मी कापड-नक्षीचेच काम केले, पण कोणताही नवा आलेख घेण्यापूर्वी वीस घरांचा नमुना मोजण्याची सवय त्या दुपारची आहे.

गोंड्यांच्या बाबतीत त्या फार काटेकोर होत्या. पुठ्ठ्यावर दोऱ्याचे चाळीस वेढे घेऊन, वरच्या टोकाला दोरा बांधून खालून कापायचे, आणि मग गळ्याशी गाठ. आम्ही सवयीने दोन्ही वेळा उजवे टोक डाव्यावर घालत असू. ती गाठ ओढल्यावर हळूहळू सरते. एकदा उजवे डाव्यावर आणि मग डावे उजव्यावर घातले की ती सपाट बसते आणि ओझ्याने अधिकच आवळते. रेशमी दोरा गुळगुळीत असल्याने त्यावर हीसुद्धा पुरत नाही, म्हणून बाई गळ्याभोवती सात-आठ वेढे घेऊन शेवटचे टोक सुईने वेढ्यांखालून ओढून आत लपवायला लावीत. प्रत्येक गोंडा चिमटीत धरून त्या झटका देत, आणि एक धागा जरी हातात आला तरी गोंडा परत करीत.

पण ज्यामुळे तोरण टिकले ती गोष्ट वेगळीच होती. गोंड्याचा दोरा पानाच्या दोऱ्यात त्या कधीच मिसळू देत नसत. तो शेवटच्या ओळीतल्या पाच मण्यांतून आडवा जाई, म्हणजे गोंड्याचा भार एका मण्यावर येत नसे, आणि मागे सुटा बांधलेला असे. धूळ आणि ऊन सर्वात आधी गोंड्याला खाते, काचेला नाही. गोंडा कापून नवा लावता आला पाहिजे, पान उसवता कामा नये, हा त्यांचा आग्रह होता.

आता वेळापत्रकात हस्तकलेचा तास उरलेला नाही, असे ऐकले आणि फार वाईट वाटले. बाजारातली बरीच तयार तोरणे गोंदाने चिकटवलेली असतात. उन्हाळ्यात गोंद सैल पडतो आणि मणी उंबऱ्यावर गळतात. मी नंतर घरासाठी त्याच आलेखावरून केलेले तोरण आजही दारावर आहे. गेल्या दसऱ्याला त्याचे गोंडे पाचव्यांदा बदलले. बाईंनी आखलेल्या त्या कागदाची प्रत या लेखासोबत शाळेकडे पाठवत आहे. त्याच्या कोपऱ्यात त्यांच्या हाताने 4 आणि 6 हे आकडे लिहिलेले आहेत.