कुंद्याच्या डब्याचा दोरा

परवा दुपारी रद्दीचा गठ्ठा बांधायला दोरा हवा होता म्हणून स्वयंपाकघरातला खण उघडला, तर आईच्या दोऱ्याच्या गुंड्याखाली चार घड्या घातलेला एक कागद सापडला. २०२४ मध्ये आई-पप्पांच्या लग्नाला २५ वर्षे झाली, त्या दिवशी मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने मिळून केलेल्या भाषणाचा तो कागद होता. त्यावर खोडाखोड इतकी होती की नेमके काय वाचायचे ते आम्हाला ऐन वेळी कसे समजले, याचे मला आज नवल वाटले.

पहिला मसुदा माझा होता आणि तो वाचायला नऊ मिनिटे लागत होती. त्यात त्याग होता, कष्ट होते, संस्कार होते, वटवृक्षाची सावलीही होती. बहिणीने तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "यात नावे बदलली की शेजारच्या काका-काकूंनाही हेच भाषण चालेल." मग तिने नियम घातला की जे आमच्याच घरात घडले आहे तेवढेच ठेवायचे, आणि तीन मिनिटांच्या पुढे जायचे नाही, कारण पाहुण्यांचे अर्धे लक्ष पंगतीकडे असते. वटवृक्ष तिथेच पडला.

दुसरा बळी गेला तो माझ्या लाडक्या विनोदाचा. आई-पप्पांच्या लग्नपत्रिकेवर 'बेळगाव' छापले आहे आणि २०१४ साली सरकारदरबारी त्याचे 'बेळगावी' झाले, तेव्हा 'गावाचे नाव बदलले पण पप्पांचा स्कूटर पुसण्याचा फडका बदलला नाही' असे मी लिहिले होते. विनोद बरा होता, पण पहिल्या रांगेत आमचे थोरले काका बसणार होते, आणि त्यांच्यासमोर बेळगावच्या नावाचा उल्लेख झाला की ते १९५६ पासून सुरुवात करतात. जेवण गार झाले असते. फडका ठेवला, गाव वगळले.

खरी अडचण कुंद्याची, म्हणजे आमच्या बेळगावच्या मिठाईची होती. आमच्या घरी आई-पप्पांचे भांडण झाले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पप्पा न बोलता कुंदा आणतात. साध्या कुरबुरीला पाव किलो, आणि माहेरचा विषय निघाला असेल तर अर्धा किलो. आई डब्याचा दोरा गाठ न कापता सोडवते आणि गुंड्याला गुंडाळते. गाठ लवकर सुटली तर राग गेला, असे आम्ही लहानपणापासून समजत आलो. हे सांगायचे तर होते, पण चाळीस माणसांसमोर आई-वडिलांची भांडणे मोजणे बरे दिसेना. मावशीला वाचून दाखवले, तेव्हा तिने एकाच वाक्यात वाट काढली : "भांडण म्हणू नका, नुसता कुंदाच म्हणा; ज्याला कळायचे त्याला कळेल."

वाक्ये आलटून-पालटून म्हणण्याचा बेतही सोडला, कारण सरावात ते शाळेतल्या नाट्यछटेसारखे वाटू लागले. शेवटी पप्पांविषयी बहिणीने बोलायचे आणि आईविषयी मी, असे ठरले. माझी आई चंदगडची. लग्न होऊन इकडे आली तेव्हा तिला कन्नड अक्षर ओळखता येत नव्हते, बसची पाटीसुद्धा दुसऱ्याला विचारावी लागे. मी शाळेत कन्नड शिकू लागलो तेव्हा माझा अभ्यास घेता यावा म्हणून ती दुपारी माझेच पुस्तक घेऊन बसायची आणि संध्याकाळी तेच अक्षर मला शिकवायची. कन्नडमधले 'व' आणि 'म' दिसायला सख्ख्या बहिणी. मी चुकलो की ती रागवत नसे, कारण दुपारी तीही तिथेच चुकलेली असे. माझ्यापेक्षा ती फक्त अर्धा दिवस पुढे होती, हे मला फार उशिरा कळले. भाषणात मी एवढेच सांगितले आणि 'आभार' हा शब्द लिहिलेला असूनही वाचला नाही, कारण त्या ठिकाणी आवाज लागेना.

बहीण मात्र ठणठणीत बोलली. "पप्पा अधूनमधून विनाकारण कुंदा आणतात," असे तिने म्हणताच आई खुर्चीतूनच म्हणाली, "विनाकारण नव्हे!" आणि सगळा हॉल हसला. आम्ही आठवडाभर घासूनपुसून लिहिलेल्या एकाही वाक्याला तेवढे हसू आले नाही. पप्पा टाळ्या वाजवायचे विसरून खिशातला रुमाल शोधत राहिले.

कागद पुन्हा घडी करून खणात ठेवला. गुंडा तेव्हापेक्षा थोडा मोठा झालेला दिसला. रद्दीसाठी त्यातला हातभर दोरा तोडावा असे मनात आले, पण आईने ओळखले असते. मग सुतळी आणायला खाली दुकानात गेलो.