साठ भागिले ऐंशी

त्या दिवशी मला बोलावलं ते ट्रान्सफॉर्मर बदलण्याच्या कागदावर सही करायला. डीमॅग्नेटायझरचा फ्यूज सकाळपासून तीनदा गेला होता. हे यंत्र म्हणजे एक मोठी पोकळ कॉइल. पोलादी सुटे भाग तिच्यातून सरकवले की त्यांच्यात उरलेलं चुंबकत्व निघून जातं. कॉइल नुकतीच नव्याने गुंडाळून आली होती, तिला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर मात्र जुनाच होता. त्यामुळे सगळ्यांचा संशय त्याच्यावर गेला: आत वेटोळी एकमेकांना चिकटली असणार, शॉर्ट झाली असणार.

सही करण्याआधी मी एकच गोष्ट करायला सांगितली. सेकंडरीच्या दोन्ही तारा सोडायच्या आणि नवा फ्यूज घालून स्विच टाकायचा. फ्यूज टिकला. आम्ही चार वेळा बंद-चालू केलं, तरीही टिकला. एखादं वेटोळं जरी शॉर्ट असतं तरी सेकंडरी मोकळी असताना प्रायमरीतून मोठा प्रवाह वाहिला असता आणि ट्रान्सफॉर्मर गुरगुरून तापला असता. स्विच टाकताक्षणी उसळणाऱ्या प्रवाहाने फ्यूज जात असता, तर तो लोड नसतानाही कधीतरी गेला असताच. इथे तो लोड जोडल्यावर, आणि तोही दोन-तीन सेकंद थांबून जात होता. म्हणजे प्रवाह सतत जास्त वाहतोय आणि फ्यूज आपलं काम चोख करतोय. मग फ्यूज किती अँपिअरचा? एक अँपिअरचा, टाइम-लॅग.

हा आकडा आला कुठून, हे मी विचारलं. आमच्याकडे नव्याने आलेल्या इंजिनिअरने वही पुढे केली. मांडणी नेटकी होती. ट्रान्सफॉर्मर 240 व्होल्टला 60 व्होल्ट, म्हणजे वेटोळ्यांचं प्रमाण 4. गुंडाळणाऱ्याने कॉइलसोबत चिठ्ठी दिली होती: 50 हर्ट्झला रोध 3 ओहम आणि रिअ‍ॅक्टन्स 4 ओहम, म्हणजे इम्पीडन्सचं मान 5 ओहम. त्याने ते प्रायमरीकडे परावर्तित केलं होतं, प्रमाणाचा वर्ग घेऊन: 16 गुणिले 5, म्हणजे 80 ओहम. इथवर एकही चूक नव्हती. पुढची ओळ होती 60 / 80 = 0.75 अँपिअर. त्यावरून एक अँपिअरचा फ्यूज.

मी त्या 60 वर बोट ठेवलं. "हे साठ व्होल्ट कोणत्या बाजूचे?"

"लोडचे, सर. आणि ऐंशी ओहमही लोडचेच."

त्याची गल्लत मला लगेच कळली, आणि ती किती सहज होते हेही. ऐंशी ओहम नावाची वस्तू लोडपाशी कुठेच नाही. लोडपाशी आहेत पाच ओहम. ऐंशी हे प्रायमरीच्या टर्मिनलांवरून आत पाहिलं की दिसणारं रूप आहे, आणि त्या टर्मिनलांवर असतात 240 व्होल्ट. परावर्तन इम्पीडन्सपुरतं करून व्होल्टेज पलीकडेच ठेवलं, तर तो भागाकार दोन वेगळ्या जागांचा होतो.

वर्ग का येतो हे त्याला पाठ होतं, पण त्याने ते स्वतःच्या हाताने कधी काढलं नव्हतं. म्हणून आम्ही सूत्र बाजूला ठेवून सेकंडरीपासून सुरुवात केली. कॉइलवर 60 व्होल्ट, इम्पीडन्स 5 ओहम, म्हणून सेकंडरीत 12 अँपिअर. आदर्श ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही गुंडाळ्यांचे अँपिअर-टर्न एकमेकांना तोलतात. प्रायमरीला चौपट वेटोळी आहेत, तेव्हा तिला चौथाई प्रवाह पुरतो: 3 अँपिअर. व्होल्टेज मात्र तिथे चौपट. व्होल्टेज चौपट आणि प्रवाह चौथाई, मग त्यांचा भागाकार सोळा पट होणारच. 240 भागिले 3, म्हणजे 80. वर्ग बाहेरून आणावा लागत नाही, तो या दोन पायऱ्यांतून आपोआप येतो. उलट बाजूने गेलं तरी 240 / 80 = 3.

त्याने मान डोलावली, पण माझं समाधान झालं नव्हतं. "आता तुझे 0.75 चूक आहेत हे प्रवाहाचं गणित न करता कसं ओळखशील?"

थोडा वेळ तो वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, सेकंडरीला 60 गुणिले 12, म्हणजे 720 व्होल्ट-अँपिअर जातात. माझ्या हिशेबाने प्रायमरीतून 240 गुणिले 0.75, म्हणजे 180च येतात."

अगदी हेच. आदर्श ट्रान्सफॉर्मर काही साठवत नाही की खात नाही. आत 180 आणि बाहेर 720 असं होऊच शकत नाही. खरी शक्तीही जुळते: सेकंडरीत 12 चा वर्ग गुणिले 3, म्हणजे 432 वॅट, प्रायमरीत 3 चा वर्ग गुणिले 48, तेही 432. रोध आणि रिअ‍ॅक्टन्स दोन्ही सोळा पट होतात, म्हणून कोन बदलत नाही. प्रायमरीचा प्रवाहही व्होल्टेजच्या मागे 53 अंशच राहतो.

फोरमनला मात्र वहीतलं गणित नको होतं, त्यांना मीटरवरचा आकडा हवा होता, आणि त्यांचं बरोबर होतं. अडचण अशी की प्रायमरीच्या तारा फ्यूज होल्डरपासून इतक्या आखूड होत्या की क्लॅम्प मीटरचा जबडा त्यांच्याभोवती बसेना. सेकंडरीच्या तारा मोकळ्या होत्या. मीटर कमाल मूल्य धरून ठेवेल असं लावलं, जबडा सेकंडरीच्या एका तारेभोवती अडकवला आणि आणखी एक फ्यूज खर्ची घातला. दोन सेकंदांत तो गेला, पण मीटरवर 11.8 राहिले. बारापेक्षा जरासे कमी, कारण खऱ्या गुंडाळ्यांमध्येही थोडं व्होल्टेज पडतं. 11.8 भागिले 4, म्हणजे 2.95. एक अँपिअरच्या फ्यूजमधून जवळजवळ तिप्पट प्रवाह जात होता. ट्रान्सफॉर्मर बदलण्याचा कागद फोरमननी स्वतःच बाजूला ठेवला.

ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर 1 kVA होतं, म्हणजे 720 त्याला झेपणारे. प्रायमरीची तार तपासली, तीही पुरेशी जाड निघाली. फ्यूज 4 अँपिअरचा ठरवला, टाइम-लॅगच, म्हणजे स्विच टाकतानाची उसळी तो सोसेल. होल्डर बदलताना मी तारेचा हातभर लूप बाहेर ठेवायला सांगितला. आता प्रायमरीलाही जबडा बसला. मीटरने 3.1 दाखवले.

"2.95 यायला हवे होते ना, सर?"

हा प्रश्न त्याने विचारला याचं मला फार बरं वाटलं. लोड सोडून पुन्हा पाहिलं, तर प्रायमरीत 0.2 अँपिअर होतेच. गाभ्यात चुंबकीय फ्लक्स उभा करायला खरा ट्रान्सफॉर्मर एवढा प्रवाह घेतो, आदर्शाला तो लागत नाही. तो व्होल्टेजच्या मागे जवळजवळ 90 अंश असतो. आमची कॉइलही बरीच मागे राहणारी, म्हणून दोन्ही प्रवाह बरेचसे एकाच दिशेने मिळाले आणि बेरीज 3.1 च्या आसपास गेली. लोड नुसता रोध असता तर हे 0.2 काटकोनात पडले असते आणि एकूण आकड्यात जेमतेम दिसले असते. पूर्ण लोडवर आदर्शाचं गणित इतकं जवळ येतं. लोड अगदी हलका असेल तेव्हा मात्र सेकंडरीवरून काढलेला प्रायमरी प्रवाह फसवा ठरतो, कारण तेव्हा हा 0.2 चाच वाटा मोठा असतो.

दुपारनंतर कॉइल सलग चालली. संध्याकाळी वही परत देताना पाहिलं, तर त्याने पानाच्या मधोमध उभी रेघ मारली होती. डावीकडे प्रायमरी, उजवीकडे सेकंडरी. 60, 5 आणि 12 उजवीकडे, 240, 80 आणि 3 डावीकडे, आणि रेघेवर 4.