एका मॅरेथॉनमध्ये किती युनिट?

"एवढं ४२ किलोमीटर पळता, त्या एनर्जीत घरची लाईट किती वेळ चालेल हो?"

साधारण ३ युनिट. आणि आमच्या ठाण्याच्या घरात, जानेवारीत, दिवसाला ५ युनिटच्या आसपास वीज लागते. पण एवढ्यावरून "म्हणजे अर्ध्याहून जास्त दिवस की!" असं म्हणू नका, कारण हे दोन आकडे जरा वेगवेगळ्या जातीचे आहेत, ते पुढे सांगते.

आधी ३ कुठून आले ते बघा. पळताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला जवळपास १ किलोकॅलरी जाते. माझं वजन ६२ किलो, अंतर ४२.२ किलोमीटर, गुणाकार केला की साधारण २६०० किलोकॅलरी. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास म्हणजे ८६० किलोकॅलरी, भाग द्या, ३ आले. (घड्याळ नुसतं 'कॅलरी' दाखवतं तेव्हा त्या किलोकॅलरीच असतात, तिथे हजारपट चुकणारे खूप जण भेटलेत मला.) वेगाने यात फारसा फरक पडत नाही, हळू पळालात तर जास्त वेळ पळाल, हिशोब तोच राहतो. मी मुंबई मॅरेथॉन ४ तास ५० मिनिटांत पूर्ण केली, म्हणजे सरासरी ६३० वॅट चालू होते, मिक्सरपेक्षा थोडं जास्त, पण सलग पावणेपाच तास. माझ्याच वजनाच्या एखाद्याने सव्वादोन तासांत संपवली तरी त्याचेही युनिट जवळपास तेवढेच, फक्त वॅट दुपटीहून जास्त.

घराचा आकडा मी बिलावरून नाही घेतला, खाली मीटरच्या पेटीशी जाऊन फोटो काढले. रेसच्या आदल्या रात्री ९ वाजता आणि रेसच्या रात्री ९ वाजता, दोन्हीतला फरक ५.२. त्यात गीझर दीड युनिट, फ्रिज १ च्या थोडा वर, दोन पंखे मिळून सव्वा-दीड, बाकी वॉशिंग मशीन, टीव्ही, दिवे वगैरे. मे महिन्यात एसी लागला की हा हिशोब पार बदलतो.

आता मुद्दा. माझे ३ युनिट म्हणजे पोहे, केळी, जेल आणि अंगात साठवलेली साखर-चरबी यांचं 'जळण' आहे, त्यातलं साधारण पाव स्नायूंच्या हालचालीत जातं, उरलेलं तीन चतुर्थांश सरळ उष्णता! म्हणजे सव्वादोन युनिट उष्णता अंगातून बाहेर टाकायची, आणि तेवढ्याने गीझर तासभराच्या वर चालला असता. शरीर ती घामाने टाकतं, पण घाम वाळला तरच, एक लिटर घाम पूर्ण वाळला की जवळपास पाऊण युनिटपेक्षा थोडी कमी उष्णता जाते. मुंबईच्या दमट हवेत तो वाळत नाही, कोपरावरून टपटप गळतो, आणि गळालेला घाम काहीच थंड करत नाही. मला हे पेडर रोडच्या चढाच्या बऱ्याच आधी कळलं, वेग तोच होता, उलट थोडा कमीच, तरी हार्ट रेट १५२ वरून १६६ वर गेलेला आणि टी-शर्ट पिळला असता तर पाणी निघालं असतं. थकवा नव्हता तो, उष्णता साठत होती. मग मी पाण्याच्या स्टेशनवर अर्धा ग्लास प्यायचा आणि अर्धा मानेवर ओतायचा असं सुरू केलं, चढ चालत काढला, आणि मगच आकडा खाली आला.

घरची वीज मात्र 'तयार काम' असते, जळण आधीच दुसरीकडे जळून गेलेलं. कोळशाच्या केंद्रात एक युनिट वीज बनवायला साधारण तीन युनिटची उष्णता लागते. त्यामुळे तुलना करायची तर जळण-जळण करा, म्हणजे माझे ३ आणि घराचे १५ च्या वर. किंवा काम-काम करा, म्हणजे माझं पाऊण युनिट आणि घराचे ५.२. एकाचं जळण आणि दुसऱ्याचं काम अशी सरमिसळ केली की ते 'अर्ध्याहून जास्त दिवस' निघतं, आणि ते मला खरंच खटकतं कारण तेच सगळीकडे सांगितलं जातं.

आणि ते पाऊण युनिटही पळून मिळवता येत नाही, पाऊल रस्त्यावर पडतं तिथेच ते जिरतं. तेवढीच मेहनत डायनामो लावलेल्या सायकलवर केली असती तर त्यातलाही थोडा भाग वाया जाऊन ०.६ युनिट हातात आलं असतं. गीझर त्यावर १८ मिनिटं. पण बेडरूममधला साधा ७५ वॅटचा पंखा रात्री ११ ला लावलात तर सकाळी ७ पर्यंत फिरेल.