उतरणीवर मुरगळलेला घोटा

अवघड कातळटप्पा मागे पडला होता. पुढे नुसती मुरमाड पायवाट होती आणि नेमकं तिथेच एका सुट्या दगडावरून माझा उजवा पाय आत वळला. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला सणकन कळ आली आणि बघता बघता तिथे टेंगूळ आलं. पाय मुरगळण्याची ही माझी पहिलीच वेळ.

सोबतची मैत्रीण फिजिओथेरपिस्ट आहे. तिने बूट काढायला लावला आणि आधी हाडं चाचपली. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांची टोकं आणि मागच्या कडा, करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर लागणारं हाड, आतल्या बाजूचं कमानीवरचं हाड. मला दुखत होतं ते बाहेरच्या उंचवट्याच्या पुढे, मऊ भागात. मग म्हणाली, "आता चार पावलं टाकून दाखव." लंगडत का होईना, टाकली. हाडावर दाबल्यावर दुखलं असतं किंवा ती चार पावलं जमली नसती, तर एक्स-रे होईपर्यंत पायावर भार द्यायचा नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं.

बोटांच्या मुळापासून वर घोट्यापर्यंत क्रेप बँडेज बांधून आम्ही सावकाश उतरलो. काठी तिने डाव्या हातात दिली. दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात काठी असली की त्या पायावरचा भार खरोखर हलका होतो, हे दर पावलाला कळत होतं.

त्या रात्री मुक्कामी पाय उशांवर उंच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिने मला अंगणात चालायला लावलं. काठी घेऊन, टाच आधी टेकवून, लंगडावं लागणार नाही इतकंच. लिगामेंट ताणलं गेलं असलं तरी थोडा थोडा भार मिळाला की ते चांगलं सांधतं. पाय नुसता ठेवून दिला की सांधा आखडतो. किती चाललं म्हणजे जास्त झालं? दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा दुखणं वाढलेलं दिसलं, तर आदल्या दिवशीचं चालणं जास्त झालं.

माझ्या मते खरं काम दुखणं थांबल्यावर सुरू होतं, आणि बहुतेक जण नेमके तिथेच थांबतात. पाऊल कुठे, कसं टेकलंय याचा अंदाज लिगामेंटमधूनही मिळतो. तो मंदावला की पाय वळू लागल्यावर पोटरीच्या बाहेरचे स्नायू उशिरा आवळतात, आणि घोटा पुन्हा मुरगळतो. म्हणून प्रवासातही रोज दात घासताना मी उजव्या पायावर उभी राहायचे. अर्धा मिनिट न डगमगता जमू लागल्यावर घडी घातलेल्या घोंगडीवर, मग भिंतीशी उभं राहून डोळे मिटून. जोडीला एका पायावर टाच उचलणं.

दुखऱ्या पायावर न कचरता उड्या मारता येईपर्यंत मैत्रिणीने मला खडकाळ वाटेवर जाऊ दिलं नाही. त्यानंतरही कितीतरी महिने अशा वाटांवर मी लेसचा अँकल ब्रेस घालत होते, आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम अजून चालू आहे.