बारा दिवे, एक गुलाबजल आणि अडकलेला हॅम्पर

मी पुण्यात एका छोट्या गिफ्टवाल्या कंपनीत कॅटलॉगचं काम करते, म्हणजे फोटो, टायटल, किंमत, आणि ती न संपणारी एक्सेल शीट जी मार्केटप्लेसवर अपलोड करायची असते. गेल्या वर्षी दिवाळीसाठी आम्ही एक हॅम्पर काढला होता, त्यात बारा एलईडी दिवे, १०० मिलीची गुलाबजलाची स्प्रे बाटली आणि ६ मिलीची अत्तराची कुपी. ताईंनी (आमच्या मालकीणबाई, त्यांना सगळे ताईच म्हणतात) नवरात्रीच्या आधीच २०० हॅम्पर मार्केटप्लेसच्या भिवंडीच्या गोदामात पाठवून दिले होते आणि बाकीचे आम्ही आमच्याच शेडमधून कुरिअरने पाठवत होतो.

दसऱ्याच्या आधीचा मंगळवार. सकाळी आल्याआल्या पॅनेल उघडलं तर हॅम्परची लिस्टिंग लाल. "धोकादायक माल, तपासणी चालू", स्टॉक २०० पण विकायला उपलब्ध शून्य. मी अजून ते वाचतेय तोवर कुरिअरच्या मुलाचा फोन, म्हणाला मॅडम तुमचे गुवाहाटीचे १४ पार्सल एअरपोर्टवर एक्स-रेत थांबवलेत, आत बॅटऱ्या दिसतायत आणि तुम्ही तर बॅटरी नाही असं लिहिलंय, आता तुमच्या अकाउंटचा एअरचा माल लेखी खुलासा येईपर्यंत बंद.

मला आधी खरंच वाटलं की त्यांचीच चूक आहे. मग मी माझी शीट उघडली.

बॅटरी आहे का, या रकान्यात "नाही" होतं. कसं आलं ते पाच मिनिटांत कळलं, मी हॅम्परची ओळ मागच्या वर्षीच्या मातीच्या पणत्यांच्या ओळीवरून कॉपी केली होती, टायटल बदललं, फोटो बदलले, किंमत बदलली आणि उजवीकडे स्क्रोल करून ५०-६० रकान्यांपुढे जे सेफ्टीचे रकाने असतात तिथपर्यंत कधी गेलेच नाही. पणतीला बॅटरी नसते, त्यामुळे "नाही" तसंच राहिलं.

ताई आल्या, त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "अगं एवढासा बटण सेल, त्याला कोण बॅटरी म्हणतं?" खरं सांगू का, मी पण तोपर्यंत तसंच धरून चालले होते.

मग आम्ही एक दिवा उघडलाच. खालचं झाकण फिरवलं, आत नाण्याएवढा सेल, आणि त्याच्यात नि पत्र्यात एक प्लास्टिकची पट्टी जी गिऱ्हाईकाने ओढून काढायची असते म्हणजे दिवा वाटेत आपोआप पेटत नाही. सेलवर कोरलेलं सीआर २०३२. आता यात ते पहिलं अक्षर महत्त्वाचं आहे. सीआर म्हणजे लिथियमचा सेल, ३ व्होल्टचा. तसाच दिसणारा पण एलआर ४४ वगैरे लिहिलेला असेल तर तो अल्कलाइन, दीड व्होल्टचा, आणि त्याला लिथियमचे नियम लागत नाहीत. पुढचे आकडे फक्त मापाचे, २० मिमी रुंद आणि ३.२ मिमी जाड. म्हणजे फॉर्ममध्ये नुसतं "बटण सेल" लिहून भागत नाही, आत नक्की काय आहे ते उघडून वाचावं लागतं, कारण सप्लायर एका लॉटमध्ये एक टाकतो आणि दुसऱ्या लॉटमध्ये दुसरा.

हा लिथियम मेटलचा सेल, चार्ज न होणारा. मोबाईलमध्ये असते ती लिथियम आयन, तिचं माप वॉट-अवरमध्ये विचारतात, आणि याचं माप ग्रॅममध्ये म्हणजे आत लिथियम किती ते. सीआर २०३२ मध्ये ते साधारण ०.१ ग्रॅम असतं आणि सोप्या नियमात बसायची मर्यादा एका सेलला १ ग्रॅम आहे, त्यामुळे आपण तसे खूप आत होतो. मला वाटलं झालं, "नाही" चं "हो" करायचं, बारा सेल, एकाचं वजन ३ ग्रॅम, संपला विषय.

तेवढ्यात पॅकिंगचे मामा मागून म्हणाले, "आणि ते फुकटचे सेल?"

कुठले फुकटचे सेल? तर ताईंनी भिवंडीचा माल भरायच्या आधीच ठरवलं होतं की प्रत्येक हॅम्परमध्ये बारा सेल एक्स्ट्रा टाकायचे, छोट्या झिप पिशवीत, रिव्ह्यू चांगले येतात म्हणून. मला कुणी सांगितलंच नव्हतं. मामांनी पिशवी आणून दाखवली, बारा सेल सुटे, एकमेकांवर घासतायत. एक्स-रेत जे दिसलं ते बहुतेक हेच असणार.

इथे फॉर्ममधला दुसरा प्रश्न येतो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. बॅटरी कशी पॅक केलीय, त्याचे तीन पर्याय असतात: उपकरणाच्या आत बसवलेली, उपकरणासोबत पण वेगळी ठेवलेली, किंवा नुसती बॅटरी. वाचायला सारखंच वाटतं. पहिल्या दोघांचा यूएन नंबर, म्हणजे धोकादायक मालाला जगभर ठरवून दिलेला क्रमांक, तो पण एकच, लिथियम मेटलसाठी ३०९१, फक्त नुसत्या बॅटरीचा ३०९०. पण वागणूक वेगळी. बटण सेल जर सगळे दिव्यांच्या आत असतील तर खोक्यावर बॅटरीचा तो लाल पट्ट्यांच्या कडेचा मार्क लावायची पण गरज नसते, विमानाच्या नियमात तशी सूट आहे. एकदा का सुटे सेल त्याच खोक्यात आले की ती सूट गेली. मग मार्क लावा, प्रत्येक सेल असा वेगळा ठेवा की दुसऱ्याला टेकून शॉर्ट होणार नाही, झिप पिशवी चालत नाही. आणि "आत बसवलेली" असं लिहून तुम्ही सुटे पाठवले तर ते पुन्हा खोटं डिक्लेरेशनच झालं, "नाही" इतकंच.

ताईंना हे पटायला अर्धा तास गेला. शेवटी म्हणाल्या काढा ते सेल. शेडमध्ये १४० हॅम्पर भरून सील केलेले होते, मामांनी आणि दोन मुलांनी संध्याकाळपर्यंत सगळे फोडून पिशव्या काढल्या. भिवंडीतल्या २०० मध्ये मात्र त्या पिशव्या आत होत्याच, तो माल परत मागवण्याची रिक्वेस्ट टाकली.

मला वाटलं बॅटरीचं सुटलं म्हणजे सुटलं. नाही. तपासणीच्या मेलमध्ये खाली अजून एक ओळ होती, हॅम्पर एरोसोल म्हणून नोंदवलेला आहे, सेफ्टी डेटा शीट द्या, म्हणजे वस्तूत काय धोका आहे ते सांगणारा कागद. एरोसोल? ते गुलाबजल! ताईंनी मला व्हॉट्सॲपवर "गुलाबजल स्प्रे" लिहून पाठवलं होतं आणि मी प्रकाराच्या ड्रॉपडाऊनमध्ये लिक्विड सोडून एरोसोल निवडलं होतं कारण त्यातून फवारा निघतो. एरोसोल म्हणजे फवारा नाही हो. डिओचा किंवा झुरळाच्या स्प्रेचा डबा असतो तसं, बंद डब्यात दाबाखाली गॅस भरलेला, वर दाबलं की गॅस आतलं ढकलतो, डबा पुन्हा भरता येत नाही. त्याचा यूएन नंबर १९५०. आमची बाटली साधी पंपाची, तुम्ही दाबाल तेव्हा पंप पाणी ओढतो, आत दाब नाही नि गॅस नाही, झाकण उघडून ओतता पण येतं. म्हणजे इकडे बॅटरी असून नाही म्हटलं आणि तिकडे नसलेला गॅस आहे म्हटलं, दोन्हीकडून अडकले. हे मात्र सोपं होतं, प्रकार बदलला, बाटलीच्या पंपाचा जवळून फोटो दिला आणि गुलाबजलासाठी धोकादायक नाही असं सांगणारा मार्केटप्लेसचा एक पानी फॉर्म भरून दिला.

राहिलं अत्तर. त्याची मला काळजीच नव्हती, अत्तर म्हणजे तेल, चंदनाच्या तेलात उतरवलेलं, ते काय पेटतंय. सप्लायरकडून सेफ्टी डेटा शीट मागवली. अशा शीटचे १६ विभाग ठरलेले असतात, सगळे वाचायची गरज नाही, मी नववा आणि चौदावा बघते. नवव्यात फ्लॅश पॉईंट, म्हणजे किती तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेईल, आणि चौदाव्यात वाहतुकीचा वर्ग. फ्लॅश पॉईंट ६० अंश किंवा खाली असेल तर तो ज्वलनशील द्रव, वर्ग ३.

शीटमध्ये फ्लॅश पॉईंट १७ अंश. चौदाव्या विभागात सरळ यूएन १२६६, परफ्युमरी प्रॉडक्ट्स, वर्ग ३.

मी सप्लायरला फोन केला, म्हटलं चुकीची शीट पाठवली का, तर तो अगदी सहज म्हणाला, "मॅडम तुमच्या रेटमध्ये प्युअर तेल कसं बसणार, त्यात अल्कोहोल आहे ना." मामांनी लगेच पेपरच्या कोपऱ्यावर एक थेंब टाकला. दोन मिनिटांत सुकलं, तेलाचा डाग नाही की काही नाही. हा काही पुरावा नव्हे, निर्णय शीटवरच होतो, पण ताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कुपीवर "नॉन-अल्कोहोलिक" असं आम्हीच सुंदर सोनेरी अक्षरात छापून घेतलेलं.

म्हणजे तीन वस्तूंपैकी एक कमी सांगितलेली, एक जास्त सांगितलेली आणि एक खरोखरच धोकादायक. आणि कॉम्बोचं असं असतं की आतल्या सगळ्यात कडक वस्तूचा नियम सगळ्या खोक्याला लागतो, त्यामुळे ६ मिलीच्या कुपीपायी आख्खा हॅम्पर ज्वलनशील ठरत होता. एवढ्या कमी मात्रेला सवलती असतात, पण त्यासाठी वेगळं पॅकिंग, वेगळी लेबलं आणि कुरिअरची तयारी लागते, दसऱ्याला चार दिवस असताना ते आमच्याकडून होणारं नव्हतं. कुपी काढली, जागी धूपाची पेटी टाकली. धूप टाकण्याआधी मी त्याचीही शीट मागितली, ताई हसल्या पण काही बोलल्या नाहीत.

हॅम्परमधली वस्तूच बदलली म्हणून जुनी लिस्टिंग दुरुस्त न करता नवीन केली. बॅटरी हो, लिथियम मेटल, बारा सेल, उपकरणात बसवलेले, सुटे नाहीत. सेलची यूएन ३८.३ टेस्ट समरी, म्हणजे लिथियम सेलच्या वाहतुकीसाठीच्या सुरक्षा चाचण्यांचा गोषवारा, तो पण जोडला. बटण सेल दिव्यात बसवलेला असला तर नियमात हा कागद सक्तीचा नाही, पण तपासणीवाले मागतातच, द्यावा आणि मोकळं व्हावं. दिव्यांच्या दिल्लीच्या सप्लायरने पहिल्यांदा पाठवली ती सीआर २०२५ ची होती, म्हणजे अडीच मिमी जाडीच्या सेलची, मी परत पाठवली आणि बरोबर कागद यायला आणखी दोन दिवस गेले. कुरिअरला खुलासा लिहून दिला, जे घडलं तेच, जुन्या ओळीवरून कॉपी केलं म्हणून. त्यांनी एअर सुरू केलं पण ते १४ पार्सल परतच आले.

नवीन लिस्टिंग दसऱ्यानंतरच्या बुधवारी चालू झाली आणि शेडमधले १४० दिवाळीआधी गेले. भिवंडीचे २०० परत आले तेव्हा तुळशीचं लग्न पण होऊन गेलं होतं. मामा एकेक खोकं फोडून सेल बाजूला काढत होते, प्रत्येकाला सेलोटेपचा तुकडा लावून, आणि शेडभर त्या नॉन-अल्कोहोलिक अत्तराचा वास, कारण दोन कुप्या वाटेत फुटल्या होत्या.